कोंबड्याच्या फोडी सांध्यावर करा, हाडावर नको



आखाड संपत आलाय. कोळपणी उरकली की घरोघरी कोंबडा शिजतो, आणि श्रावण लागला की महिनाभर बंद. माझ्या परड्यातले नर याच दिवसांत जातात. तलंगा अंड्यांसाठी ठेवायच्या आणि आठ-नऊ महिन्यांचे नर आखाडात काढायचे, हा आपल्याकडचा जुना हिशेब. त्यामुळं आज पिकाबद्दल नाही, त्या कोंबड्याच्या फोडी घरी कशा करायच्या आणि कुठली फोड कशात घालायची, याबद्दल लिहितो.

लिहायला कारण घडलं. गेल्या वर्षी शहरातल्या एका गिऱ्हाइकानं माझ्याकडनं कोंबडा नेला आणि दोन दिवसांनी फोन केला. म्हणाले, "दादा, गावरान होता हे कबूल, पण घरात कुणी धड खाल्ला नाही. पाय चिवट, छाती भुशासारखी, आणि बारक्याच्या तोंडात हाडाची काडी टोचली. पुढच्या वेळी ब्रॉयलरच आणतो." मी एवढंच विचारलं, फोडी कुठं केल्या? तर म्हणाले, घराजवळच्या दुकानात, दहा मिनिटांत करून दिल्या.

मंडळी, आपण आठ महिने दाणा घालतो, मुंगसापासनं राखतो, लसी देतो, आणि गिऱ्हाईक तुटतं ते शेवटच्या दहा मिनिटांत. त्यांच्या तिन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पण तिन्हीचं मूळ कोंबड्यात नव्हतं. काडी टोचली ती सत्तूरमुळं. पाय चिवट राहिले आणि छाती भुसा झाली ती सगळ्या फोडी एकाच वेळी एकाच पातेल्यात टाकल्यामुळं.

आधी काडीचं बघू. दुकानात येणारा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो. वजन दोन किलो असलं तरी वयानं ते पिल्लूच. त्याची हाडं मऊ असतात, टोकं तर अजून कुर्चाच असतात. त्यावर सत्तूर मारला तरी हाड सरळ तुटतं. आठ महिन्यांच्या कोंबड्याचं हाड पक्कं झालेलं असतं. त्यावर तोच घाव घातला की हाड तुटत नाही, फुटतं. वाळक्या बांबूवर कोयता बसला की जशा चिळका उडतात, तशा बारीक चिळका मांसात शिरतात. त्या धुतल्यानं निघत नाहीत आणि शिजवल्यानं विरघळत नाहीत. तंगडीत तर मोठ्या हाडाला लागून सुईसारखं एक बारीक हाड असतं. घाव बसला की पहिल्यांदा त्याचे तुकडे होतात. लहान पोरं आणि दात पडलेली म्हातारी माणसं यांना हेच घशात लागतं.

यावर उपाय सोपा आहे. हाड तोडायचंच नाही. कोंबड्याचा प्रत्येक सांधा सुरीच्या टोकानं उघडतो. सत्तूर नको, ओंडका नको. एक धारदार सुरी, एक फळी, आणि फासळ्यांसाठी जाड कात्री बास. विळीवर हात बसलेला असेल तर विळीही चालते.

सुरी लावायच्या आधी तंगडी हातात धरून हलवून बघा. कापल्यावर थोड्याच वेळात कोंबडा ताठ होतो आणि काही तास ताठच राहतो. मग हळूहळू पुन्हा सैल पडतो. ताठ असताना छातीचं मांस हाडावरनं सोडवलं की ते आखडतं आणि कितीही शिजवलं तरी दाताला रबरासारखं लागतं. म्हणून सकाळी सातला कोंबडा कापला तर साफ करून, झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुपारी बाराच्या पुढं फोडी करायच्या. चार ते सहा तास पुरतात. पाय सहज मागं-पुढं हलायला लागला की समजायचं झालं. फ्रिज नसेल तर एवढा वेळ बाहेर ठेवू नका, आखाडाच्या दमट हवेत मांस खराब व्हायला वेळ लागत नाही. अशा वेळी कोंबडा लगेच शिजवा, पण छाती हाडासकट अख्खी पातेल्यात घाला आणि शिजल्यावर सोडवा. हाडाला धरून राहिलेलं मांस तेवढं आखडत नाही.

आता फोडी. परवा घरी केलेल्या कोंबड्याचा हिशेब देतो. जिवंत वजन दोन किलो शंभर ग्रॅम. पिसं, डोकं, पाय, आतडी काढून कातडीसकट आणि कलेजी-पथरीसकट एक किलो चारशे ग्रॅम राहिला.

कोंबडा पाठीवर उताणा ठेवायचा. मांडी आणि पोट यांच्यामध्ये जी सैल कातडी असते तिथं सुरीनं चीर द्यायची, मांसाला लावायची नाही. मग मांडी बाहेरच्या बाजूला, खाली फळीकडं दाबायची. टक्क आवाज येतो आणि खुब्याची गोळी खाचेतनं बाहेर येते. ती डोळ्यांना दिसली की सुरी तिथनंच घालायची आणि पाठीच्या हाडाला घासत मागं न्यायची. पाठीच्या खळग्यात सुपारीएवढी मांसाची गोळी असते. सुरी हाडाला चिकटून चालली की ती मांडीबरोबर येते, नाहीतर पाठीवरच राहते. अख्ख्या कोंबड्यात यापेक्षा चवदार घास नाही.

निघालेला पाय आतल्या बाजूनं वर ठेवा. मांडी आणि तंगडी जिथं मिळतात तिथं चरबीची एक बारीक पिवळसर रेघ दिसते. सांधा तिथंच असतो. सुरी त्या रेघेवर, थोडी तंगडीच्या अंगाला ठेवून दाबली की लोण्यातनं गेल्यासारखी जाते. कर्र आवाज आला किंवा जोर लावावा लागला, तर समजा की सुरी हाडावर आहे. काढायची, एक-दोन दाण्यांएवढी सरकवायची आणि पुन्हा घालायची. जोर लावायचा नाही, जागा शोधायची. ही एक गोष्ट कळली की बाकीचा कोंबडा आपोआप येतो.

पंख उचलून धरला की खांद्याचा सांधा बोटाला लागतो. तिथनं सोडवायचा. मग कोपरावर एकदा आणि पुढच्या सांध्यावर एकदा, असे पंखाचे तीन भाग होतात. शेवटचं टोक नुसतं हाड आणि कातडी, ते रश्शाला.

मग छाती आणि पाठ वेगळी करायची. मागच्या उघड्या बाजूनं कात्री घालून दोन्हीकडच्या फासळ्या खांद्यापर्यंत कापत न्यायच्या. प्रत्येक फासळीला मध्ये एक वाक असतो, तिथं कात्री सोपी जाते. खांद्यापर्यंत आलात की पुस्तक उघडल्यासारखं दोन्ही भाग उलगडून ओढायचे आणि राहिलेला सांधा सुरीनं सोडवायचा. छातीच्या मधोमध नांगराच्या फाळासारखं उभं हाड असतं. त्याच्या एका अंगाला सुरी घासत खाली आणलं की एका बाजूचं मांस पूर्ण सुटतं, तसंच दुसरीकडचं. प्रत्येक बाजूच्या तीन फोडी करायच्या, पण मांसाचे धागे कुठल्या दिशेला जातात ते बघून धाग्याला आडव्या. उभ्या केल्या तर दातात सुतळी अडकल्यासारखी होते.

पाठ राहिली. ती दोन्ही हातांत धरून उलटी वाकवली की फासळ्या संपतात तिथं मोडते. तिथं सुरीनं दोन भाग करायचे. इथं तीन गोष्टी काढायला विसरू नका. फासळ्यांना चिकटलेली गुलाबी स्पंजासारखी फुप्फुसं, कमरेच्या खळग्यातले तांबूस काळे मूत्रपिंड, आणि शेपटीच्या वर असलेली तेलाची पिवळी गाठ. ती गाठ कोंबडा चोचीनं पिसांना तेल लावायला वापरतो. ती रश्शात गेली तर उग्र वास येतो आणि मग लोक म्हणतात गावरान कोंबड्याला वासच असतो.

मानेचे सांध्यावर दोन भाग केले की काम संपलं. वजन केलं तर दोन्ही पाय मांडीसकट चारशे सत्तर ग्रॅम भरले. छातीचं नुसतं मांस दोनशे सत्तर आणि तिचं हाड एकशे दहा. पंख एकशे सत्तर, पाठ आणि मान तीनशे, कलेजी आणि पथरी ऐंशी. म्हणजे बघा, चौदाशे ग्रॅममध्ये जवळपास चारशे ग्रॅम पाठ, मान आणि छातीचं हाड. दुकानातल्या पद्धतीत हे सगळं वाट्याला येतं आणि ताटात उरतं. घरी केलं की तेच रश्शाचा जीव होतं.

आता कुठली फोड कशाला. कोंबडा दिवसभर पळतो, उकरतो. त्याचे पाय राबलेले असतात. राबलेल्या मांसात चिवट पडदे जास्त, आणि वय वाढेल तसे ते घट्ट होत जातात. पण तेच पडदे पाण्यात मंद आचेवर तासभर राहिले की विरघळतात आणि रस्सा बोटाला चिकटेल असा होतो. छातीचं मांस तसं राबत नाही. कोंबडा उडतो तो रात्री झाडावर बसण्यापुरता. तिच्यात विरघळण्यासारखं फार काही नसतं, त्यामुळं जास्त शिजवलं तर ती मऊ होत नाही, तिचं पाणी निघून जातं आणि कोरडी पडते. एकच कोंबडा, पण शिजण्याच्या वेळा दोन.

म्हणून आम्ही घरी दोन ढीग करतो. एका ताटात सुक्क्याच्या फोडी, म्हणजे दोन तंगड्या, दोन मांड्या, पंखाचे वरचे दोन भाग आणि छातीच्या सहा फोडी. अशा बारा फोडी, आणि एकीतही फुटकं हाड नाही. दुसऱ्या ताटात रश्शाच्या, म्हणजे पाठीचे दोन भाग, मान, छातीचं हाड, पंखाचे उरलेले भाग आणि पथरी. पाय सोलून घेतले असतील तर तेही यातच, रस्सा दाट होतो.

मोठ्या पातेल्यात तेलावर कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ परतून रश्शाचा ढीग, तंगड्या आणि मांड्या टाकायच्या. पाच-सात मिनिटं परतून अडीच लिटर गरम पाणी घालायचं. वर ताट झाकून ताटात पाणी ओतायचं. आतलं पाणी आटलं की हेच गरम पाणी घालायचं, गार पाण्यानं उकळी मोडते आणि तेवढा वेळ फुकट जातो. पहिल्या उकळीला वर येणारा फेस चमच्यानं काढून टाकायचा. आच मंद, पाणी खदखदायला नको, नुसतं हलत राहिलं पाहिजे. पाऊण तास झाला की पंखाचे वरचे भाग आणि छातीच्या फोडी टाकायच्या. त्यानंतर पंचवीस मिनिटं. तंगडीच्या खालच्या टोकाचं मांस वर सरकून हाड उघडं दिसलं आणि मांडीत सुरीचं टोक अडखळल्याशिवाय गेलं, की त्या बारा फोडी बाहेर काढायच्या. नाही गेलं, तर छाती तेवढी काढून घ्यायची आणि पायांना आणखी वेळ द्यायचा. छाती बाहेर काढता येते, हाच वेगळ्या फोडी करण्याचा फायदा. प्रेशर कुकरमध्येही हेच करा. आधी पाय आणि हाडं, वाफ जिरल्यावर कुकर उघडून मग छाती टाका आणि शिट्टी न लावता शिजवा.

पातेल्यातली हाडं आणखी अर्धा तास उकळू द्यायची. मग ते आळणी पाणी गाळून निम्म्याचा तांबडा रस्सा, निम्म्याचा पांढरा. पांढऱ्यात नारळाचं दूध, खसखस आणि तीळ घालणार असाल तर पाठीची कातडी आधीच काढून टाका, नाहीतर पिवळी चरबी वर तरंगते आणि रस्सा पांढरा दिसत नाही. तांबड्याला ती चरबी हवीच, तर्री तिच्यावरच येते. बाहेर काढलेल्या बारा फोडी वाटण आणि चटणीत दहा मिनिटं परतल्या की सुक्कं तयार. पथरी आळणीतच शिजते, कारण ती पायांपेक्षा चिवट. कलेजी मात्र पातेल्यात टाकायची नाही. तिला वेगळ्या तव्यावर पाच-सहा मिनिटं पुरतात, पुढं गेली की खडू होते. आमच्या म्हाताऱ्यांना दात नाहीत, कलेजी आणि छातीच्या दोन आडव्या फोडी त्यांच्या वाटणीच्या. पूर्वी ते नुसता रस्सा पिऊन उठायचे.

ब्रॉयलरलाही फोडी अशाच करा, पण त्याला एवढा वेळ नको. त्याचे पाय पंचवीस-तीस मिनिटांत शिजतात. बिर्याणीला त्याची मांडी आणि तंगडी हाडासकट घ्या, दमावर छाती कोरडी पडते. छाती खिमा, कटलेट किंवा भज्यांना ठेवा. शिजलेल्या ब्रॉयलरच्या हाडाजवळ काळपट-लाल रंग दिसला तर लगेच कच्चं समजू नका, कोवळ्या हाडातलं रक्त झिरपून तसा रंग येतो. मांस हाडापासनं सुटतंय का आणि आतला रस गुलाबी नाही ना, ते बघा. आणि दोन वर्षं अंडी दिलेली म्हातारी कोंबडी असेल तर सुक्क्याचा नाद सोडा. ती पूर्ण रश्शाची, तिला दोन तास लागले तरी आश्चर्य नाही.

शेतकऱ्यानं घरी कोंबडा उघडायचं आणखी एक कारण आहे. कलेजी काढताना तिच्यावर चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, त्यासाठी तिच्या भोवतीची थोडी कलेजी तिच्यासोबतच कापून टाकायची. हे करताना कलेजीकडं नीट बघा. ती गडद तांबूस, गुळगुळीत आणि कडेला धारदार असली पाहिजे. तिच्यावर पांढरे-पिवळे ठिपके किंवा गाठी असतील, किंवा ती सुजून दुप्पट झाली असेल, तर तो कोंबडा पातेल्यात जात नाही. पिशवीत बांधून जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, कारण तोच आजार परड्यात उरलेल्या कोंबड्यांत असू शकतो. आतडं सापडलं तर चिरून बघा. जंत दिसले तर उरलेल्यांना औषध द्यायची वेळ झालीय. आणि औषध दिल्यावर डब्यावर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस एकही कोंबडा कापायचा नाही आणि विकायचाही नाही. आपोआप मेलेला पक्षी तर कधीच नाही, कितीही ताजा असला तरी.

त्या गिऱ्हाइकाला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की पुढच्या वेळी फोडी मी करून देतो, दोन पिशव्यांत. दिवाळीनंतर त्यांनी एक नेला आणि तेव्हापासनं सांगूनच ठेवतात, "दोन पिशव्यांत द्या." आता मी सगळ्यांनाच तसं विचारतो. एका पिशवीवर 'आधी' लिहितो आणि दुसरीवर 'पाऊण तासानं'. पाहिजे त्याला अख्खा देतो आणि वर सांगतो की दुकानात तोडून घेऊ नका. वजन आणि दर तोच, माझी पंधरा मिनिटं जातात.

पहिल्यांदा करणाऱ्याला पाऊण तास लागेल, लागू द्या. फोडी केल्यावर फळी, सुरी आणि हात साबणानं धुवा, आणि त्या फळीवर त्याच वेळी कांदा-कोथिंबीर चिरू नका. पिसं आणि आतडी परड्याच्या लांब, हातभर खड्ड्यात पुरा, कुत्र्यानं उकरून काढली तर आजार गावभर फिरतो. आणि सुरीला आदल्या दिवशीच धार लावा. बोथट सुरीला जोर लागतो, जोर लावला की ती सांध्यावरनं घसरते, आणि मग ती हाडावर जाते किंवा बोटावर.